साताऱ्या-सांगलीच्या क्लबात दुहेरी खेळताना: रॅकेट, गटिंग आणि शटलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आठवड्यात दोन-चार दिवस हॉलमध्ये बॅडमिंटनची दुहेरी खेळणाऱ्यांकडून पुन्हापुन्हा येतात. वजन, तोल, गटिंगचा म्हणजे रॅकेटमध्ये विणलेल्या तारांचा ताण आणि शटलचा वेग या चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. म्हणून जिथे एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॅकेटच्या दांड्याखालच्या टोपीवर "४यू जी५" असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

यूच्या आधीचा आकडा वजनाचा वर्ग सांगतो, आणि आकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी. ३यू म्हणजे ८५ ते ८९.९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९.९ ग्रॅम. हे सगळं गटिंग न केलेल्या रॅकेटचं वजन आहे. प्रत्येक वर्ग हा पाच ग्रॅमचा पट्टा असतो हे विसरू नका. ८४.५ ग्रॅमची ४यू आणि ८५.५ ग्रॅमची ३यू हातात ओळखता येणार नाहीत, पण ८०.५ आणि ८४.५ ग्रॅमच्या दोन ४यू नक्की वेगळ्या लागतील. दुकानात एकाच मॉडेलच्या तीन रॅकेट असतील तर तिन्ही काट्यावर ठेवून बघा. सराफाचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो.

जी हे मुठीच्या जाडीचं माप आहे. या खुणेत आकडा वाढला की मूठ बारीक होते, म्हणजे जी५ ही जी४ पेक्षा बारीक. सगळ्या कंपन्या हीच खूण वापरत नाहीत, त्यामुळे अक्षर वेगळं दिसलं तर मूठ हातात धरूनच ठरवा. बोटं वळवल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांत करंगळीएवढी फट राहावी. शंका असेल तर बारीक मूठ घ्या, कारण ग्रिप गुंडाळून मूठ जाड करता येते, बारीक करता येत नाही.

२. मी मुख्यतः दुहेरी खेळतो. ३यू घेऊ की ४यू?

४यू. क्लबातल्या दुहेरीत निम्म्याहून अधिक फटके छातीच्या उंचीवर, झटपट येतात: ड्राइव्ह, स्मॅश परतवणं, नेटवर पुढे झेपावून मारणं. त्या वेळी रॅकेट किती लवकर समोर येते यावर पॉइंट ठरतो. जड रॅकेटनं स्मॅश थोडा जास्त जोराचा बसतो हे खरं, पण ती तितक्याच वेगानं फिरवता आली तरच. तिसऱ्या गेमला खांदा जड झाला की ३यूचा फायदा संपतो आणि फटके उशिरा बसू लागतात.

३यू कोणासाठी? ज्यांचा खांदा तयार आहे, जे बहुतेक वेळ मागच्या बाजूनं मारतात, किंवा एकेरी जास्त खेळतात त्यांच्यासाठी. ५यू नेटवर फार चपळ वाटते, पण मागच्या रेषेवरून टॉस, म्हणजे पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंतचा उंच फटका, मारताना शटल पोचवायला हाताला जास्त वेग द्यावा लागतो. नव्या खेळाडूची तिथे दमछाक होते.

३. हेड हेवी, हेड लाइट की बरोबर तोलाची, हे घरी कसं मोजायचं?

लागतात दोन वस्तू: स्टीलची पट्टी आणि मोजटेप. पट्टी टेबलावर उभ्या धारेवर घट्ट धरा. रॅकेट आडवी करून तिचा दांडा त्या धारेवर ठेवा आणि पुढेमागे सरकवत जा. ज्या जागी ती कुठल्याच बाजूला न कलता स्थिर राहते तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करा. मग मुठीच्या बुडापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा.

साधारण २८५ च्या खाली असेल तर हेड लाइट म्हणजे डोक्याकडे हलकी, २८५ ते २९५ असेल तर बरोबर तोलाची आणि २९५ च्या वर गेलं तर हेड हेवी म्हणजे डोक्याकडे जड. कंपन्यांच्या सीमा थोड्या इकडेतिकडे असतात. मोजताना रॅकेट कुठल्या अवस्थेत होती, म्हणजे गटिंग केलेलं होतं का आणि वरची ग्रिप होती का, ते शेजारी लिहून ठेवा. नाहीतर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. का, ते पुढच्याच उत्तरात.

दुहेरीत सुरुवातीला बरोबर तोलाची रॅकेट घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. पुढे-मागे दोन्हीकडे खेळावं लागतं, आणि आपला ओढा कुठे आहे ते सहा महिने खेळल्याशिवाय कळत नाही.

४. दुकानदारानं तोल २८५ सांगितला. गटिंग करून आणल्यावर मी मोजला तर २९७ आला. फसवणूक झाली का?

नाही. दोन्ही आकडे खरे असू शकतात. हिशेब करून बघू.

समजा मूळ ग्रिपसकट, गट नसलेली रॅकेट ८३ ग्रॅम आहे आणि तोल बुडापासून २८५ मिलिमीटरवर. ०.७० मिलिमीटर जाडीचा गट रॅकेटमध्ये बसतो तो साधारण ४ ग्रॅमचा. हे वजन डोक्याच्या मध्यावर, म्हणजे बुडापासून सुमारे ५४० मिलिमीटरवर आलं असं धरा. आता ८३ ला २८५ नं गुणा, ४ ला ५४० नं गुणा, बेरीज करा आणि एकूण वजनानं, म्हणजे ८७ नं भागा. उत्तर जवळपास २९७. फक्त चार ग्रॅमनं तोल बारा मिलिमीटर वर सरकला.

आता मुठीवर ५ ग्रॅमची वरची ग्रिप गुंडाळा. तिचा मध्य बुडापासून साधारण १०० मिलिमीटरवर येतो. तसाच हिशेब केला की एकूण वजन ९२ ग्रॅम आणि तोल २८६. म्हणजे काट्यावर रॅकेट नऊ ग्रॅमनं वाढली, पण तोल जिथून निघाला होता तिथेच परत आला.

यावरून एक गोष्ट पक्की धरा: दोन रॅकेटची तुलना एकाच अवस्थेत करायची. दोन्ही कोऱ्या, किंवा दोन्ही गटिंग आणि ग्रिपसकट.

५. मग माझी हेड हेवी रॅकेट जाड ग्रिप गुंडाळून हलकी करता येईल?

मोजटेपवर येईल, हातात फारशी येणार नाही. रॅकेट मनगटाभोवती फिरते. ग्रिपचं वजन मनगटाच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे ते फिरवायला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. डोक्यातलं वजन मात्र तितकंच राहतं आणि तितक्याच लांबवर असतं. म्हणून तोलाचा आकडा दहा मिलिमीटर खाली आला तरी ड्राइव्हला रॅकेट पूर्वीइतकीच उशिरा येते.

उलट दिशेनं मात्र बदल खरा जाणवतो. डोक्याच्या अगदी टोकाला १ ग्रॅमची शिशाची पट्टी लावली तर वरच्या उदाहरणातला तोल २८६ वरून २९० वर जातो. आकडा फक्त चारनं हलला, पण फिरवताना तो फरक लगेच कळतो. म्हणून हलकी रॅकेट घेऊन गरजेपुरतं वजन वाढवणं सोपं. जड डोक्याची घेऊन ते उतरवायला मात्र उपाय नाही.

६. दांडा कडक घ्यावा की लवचीक?

मध्यम. लवचीक दांडा मागे वाकून उशिरा सरळ होतो आणि कमी वेगाच्या हातालाही जोर मिळवून देतो, पण झटपट ड्राइव्हमध्ये दिशा ढिली पडते. कडक दांडा वाकवण्याइतका हाताला वेग नसेल तर रॅकेट काठीसारखी लागते. याचा वजनाइतका विचार करत बसू नका. वजन, तोल आणि गटिंग जमलं की मध्यम दांड्याचं बहुतेकांचं भागतं.

७. गटिंग किती पाउंडावर करू?

सुरुवात २२ ते २४ पाउंडांमध्ये करा. नव्यानं खेळायला लागलेल्यांनी २० ते २२. ज्यांचा फटका बहुतेक वेळा मध्यावर बसतो आणि टॉस सहज मागच्या रेषेपर्यंत जातो त्यांनी २५-२६ कडे जावं.

ताण कमी असला की तारांची जाळी जास्त दबते, शटल मागे फेकते आणि मध्याच्या आसपासची चांगली जागाही मोठी राहते. ताण वाढवला की ही जागा आक्रसते. शटल तारांवर कमी वेळ टेकतं, त्यामुळे दिशा नेमकी मिळते, पण जोर सगळा हातानं द्यावा लागतो. मोठे खेळाडू ३० पाउंडावर खेळतात म्हणून आपणही तसं करावं, यात घोटाळा हा आहे की त्यांचा फटका दर वेळी मध्यावर बसतो. आपला दहातला निम्मा बसतो, आणि मध्याबाहेर बसलेला फटका कडक गटावर मेल्यासारखा पडतो.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. मागच्या रेषेवर उभं राहून दहा टॉस मारा. सहाहून कमी टॉस पलीकडच्या दुहेरीच्या मागच्या सर्व्हिस रेषेपर्यंत पोचत असतील तर पुढच्या वेळी एक पाउंड कमी करा. सगळे पोचतात पण नेटवरचे नाजूक फटके उंच उडतात, असं असेल तर एक पाउंड वाढवा. एका वेळी एकच पाउंड, आणि गट तोच. टोपीवर छापलेल्या वरच्या मर्यादेपलीकडे जाऊ नका. फ्रेम तडकली तर कंपनी ती बदलून देत नाही.

गटाच्या जाडीबद्दल थोडक्यात: ०.७० मिलिमीटरचा, बीजी ६५ सारखा गट टिकतो. ०.६५ च्या आसपासचा गट शटल जास्त चैतन्यानं फेकतो आणि आवाजही छान देतो, पण लवकर तुटतो. महिन्यातून दोनदा गटिंगचा खर्च परवडत नसेल तर ०.७० बरा.

८. साताऱ्यात एका ठिकाणी आणि सांगलीत दुसऱ्या ठिकाणी २४ पाउंडच सांगितले. दोन्ही रॅकेट वेगळ्या का लागतात?

कारण यंत्रं वेगवेगळ्या पद्धतीनं ओढतात. हातानं फिरवायच्या कुलूप पद्धतीच्या यंत्रात तार २४ ला पोचली की यंत्र अडकतं आणि ओढणं थांबतं. चिमटा लावेपर्यंतच्या त्या काही सेकंदांत तार सैलावते. विजेवरचं यंत्र सैलावलेलं पुन्हा ओढत राहतं. त्यामुळे आकडा तोच सांगूनही पहिल्या यंत्रावरचं गटिंग साधारण पाउंड-दोन पाउंड ढिलं निघतं. यात कारागीर चुकला असं नाही. एकच गटिंगवाला धरा आणि त्याच्या यंत्राच्या आकड्यात आपला आकडा ठरवा.

गटिंगला देताना दोन गोष्टी सांगा. एक, आडव्या तारा उभ्यांपेक्षा एक ते दोन पाउंड जास्त ताणायच्या. उभ्या तारा आधी ओढल्यानं डोकं लांबीत दबतं आणि रुंदीत फुगतं. आडव्या तारा ते परत आत ओढतात. दोन, खराब झालेली ग्रॉमेट, म्हणजे फ्रेमच्या भोकांतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या, बदलायची. घरी पट्टीनं डोक्याची रुंदी गटिंगच्या आधी आणि नंतर मोजून बघा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर फ्रेमवर ताण सारखा बसलेला नाही.

९. गट तुटला नाही तरी बदलायचा का?

हो. नवीन गट पहिल्या एक-दोन दिवसांतच साधारण दहावा हिस्सा ताण घालवतो. २४ वर ओढलेला गट दोन दिवसांनी २२ च्या आसपास असतो, आणि पुढे सावकाश उतरत राहतो. म्हणून गटिंग करून लगेच त्याच संध्याकाळी "फार कडक झालं" असा निष्कर्ष काढू नका.

जितके दिवस आठवड्यात खेळता तितक्या वेळा वर्षात गट बदला. हा अंदाज क्लबाच्या खेळाला बरोबर बसतो. त्याआधी बदलायची खूण म्हणजे तारा सरकून तशाच तिरक्या राहतात, बोटानं सरळ केल्या तरी दोन फटक्यांत पुन्हा सरकतात, आणि फटक्याचा टणक आवाज जाऊन भदाभदा आवाज येतो. जवळून बघितलं तर मध्यावरच्या उभ्या तारेत, आडवी तार घासते त्या जागी, करवतीनं कापल्यासारखी खाच दिसते. खाच तारेच्या निम्म्यापर्यंत गेली की ती आज-उद्या तुटणारच.

रॅकेट मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. त्या उष्णतेनं गट एका दुपारीत ढिला पडतो.

१०. गट काठाजवळच तुटतो. दर महिन्याला. काय चुकतंय?

तुटण्याची जागा कारण सांगते. मध्यावर तुटला तर घासून झिजला, त्यात गैर काही नाही. फ्रेमला लागून अर्ध्या बोटाच्या आत तुटला तर दोनच कारणं: फटका काठावर बसतोय किंवा तिथलं ग्रॉमेट चिरलंय आणि फ्रेमची धार तारेला कापतेय. दर वेळी एकाच भोकापाशी तुटत असेल तर ग्रॉमेट. वरच्या बाजूला पण वेगवेगळ्या जागी तुटत असेल तर फटका उशिरा किंवा डोक्याच्या टोकावर बसतोय, आणि मग ताण दोन पाउंड उतरवणं हाच उपाय.

गट तुटला की हॉलमध्येच उरलेल्या तारा कापा. एका बाजूचा ताण गेला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला की रात्रभरात डोकं वाकडं होऊ शकतं. मध्यापासून सुरुवात करा: एक उभी, एक आडवी, मग त्यांच्या शेजारच्या, असं बाहेर सरकत जा. एका कडेनं ओळीनं कापू नका.

११. चव्वेचाळीस वर्षांचा आहे, आठवड्यात तीन दिवस दुहेरी. ३यू हेड हेवी रॅकेट, ०.६५ चा गट, २८ पाउंड. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. रॅकेट बदलू?

आधी गट बदला, रॅकेट नंतर. रॅकेट, गट आणि ग्रिप तिन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

पहिलं पाऊल: ०.७० चा गट, २३ पाउंडांवर. २८ वर मध्याबाहेर बसलेल्या फटक्याचा धक्का थेट कोपरापर्यंत जातो. दुसरं: मूठ मोजा. बारीक मुठीवर हात नकळत आवळला जातो, आणि पुढच्या हाताचे स्नायू सगळा गेम ताणलेले राहतात. प्रश्न १ मधली करंगळीची फट राहत नसेल, बोटं तळव्यात रुतत असतील, तर एक ग्रिप वाढवा. सांगलीच्या उन्हाळ्यात घामानं मूठ घसरते म्हणूनही हात आवळतो. तिथे टॉवेलची ग्रिप बरी.

हे करून दोन आठवडे खेळा. तरी दुखत असेल तर ४यू, बरोबर तोलाची, मध्यम दांड्याची रॅकेट घ्या. घेण्याआधी कुणाची तरी मागून तीन दिवस खेळा. प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे जुन्या रॅकेटला ग्रिप गुंडाळून हा प्रश्न सुटणार नाही. आणि चहाचा कप उचलतानाही कळ येत असेल तर खेळ थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे गटिंगचा उपाय पुरत नाही.

१२. शटलच्या डब्यावर ७६, ७७ असे आकडे असतात. आपल्याकडे कोणतं घ्यायचं?

हा आकडा ग्रेनमध्ये शटलचं वजन सांगतो. ७७ ग्रेन म्हणजे ४.९९ ग्रॅम. आकडा वाढला की शटल जड, म्हणून वेगवान आणि लांब जाणारं. काही कंपन्या ७५ ला १, ७६ ला २, ७७ ला ३ असं लिहितात. एका पायरीनं शटल साधारण ३० सेंटिमीटर पुढे किंवा मागे पडतं.

डब्यावर तापमानाचा तक्ता असतो, पण त्यात उंची नसते. आपल्याकडची गफलत इथेच होते. हवा जितकी विरळ तितकं शटल कमी अडतं. दर १०० मीटर उंचीला हवा साधारण एक टक्का विरळ होते, आणि तापमान १० अंश वाढलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास. सांगली साधारण ५५० मीटरवर आहे, सातारा ७४० मीटरच्या आसपास. म्हणजे सांगलीची हवा समुद्रकाठापेक्षा पाचेक टक्के विरळ, साताऱ्याची सातेक टक्के. साताऱ्यात २० अंशांची सकाळ शटलच्या दृष्टीनं मुंबईतल्या चाळीस अंशांसारखी असते. म्हणून दुकानदार सवयीनं देतो ते ७७ इथे सतत बाहेर जातं, आणि खेळाडू स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो.

सांगली-मिरजेत हिवाळ्यात ७६ आणि उन्हाळ्यात ७५ पासून सुरुवात करा. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ७६, एरवी ७५. कंपनीगणिक फरक असतो, त्यामुळे शेवटचा निकाल प्रश्न १३ मधल्या चाचणीनं लावा. एकदम पेटी घेऊ नका. आधी एक डबा.

१३. शटल वेगाला बरोबर आहे हे कोर्टवर कसं बघायचं?

मागच्या रेषेच्या बाहेर उभे राहा. शटल रेषेच्या वर असताना खालून वर असा पूर्ण जोराचा फटका मारा, बाजूच्या रेषेला समांतर. नियमानुसार ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडायला हवं. दुहेरीची मागची सर्व्हिस रेषा ७६० मिलिमीटरवर असते, म्हणजे या पट्ट्याच्या बरोबर मधोमध. म्हणून टेप नसली तरी चालतं: शटल त्या रेषेच्या एक वीत अलीकडे किंवा एक वीत पलीकडे पडलं की बरोबर.

मारणारा प्रौढ आणि सरावाचा असावा. चार-पाच शटल मारून बघा, एकावर निर्णय नको. ज्या वेळी खेळता त्याच वेळी मारा. पत्र्याच्या हॉलमध्ये सकाळी १४ अंश आणि संध्याकाळी ३४ असेल, तर हवा साडेसहा टक्क्यांनी विरळ होते. सकाळचं बरोबर शटल संध्याकाळी बाहेर जाणं ठरलेलं आहे. सकाळ-संध्याकाळ दोन्ही बॅच असलेल्या क्लबानं दोन वेगांचे डबे ठेवावेत.

१४. पिसं दोन-तीन रॅलीत तुटतात. शटल वाईट की हवा?

नोव्हेंबर ते मे असेल तर आधी हवेवर संशय घ्या. कोरड्या हवेत पिसाची काडी ठिसूळ होते आणि वाकायच्या जागी मोडते. आदल्या संध्याकाळी वाफ द्या. पाणी उकळा, डब्याची दोन्ही झाकणं काढा, पिसांची बाजू खाली करून वाफेवर १० ते १५ सेकंद धरा, झाकणं लावा आणि डबा रात्रभर आडवा ठेवा. बुचाला पाणी लागू देऊ नका. जास्त वेळ धरलं तर पिसं बाहेर फाकतात आणि शटल मंद होतं. जुलै-ऑगस्टमध्ये वाफेची गरज नसते.

वाफ देऊनही मोडत असतील तर शटल बघा. नियमाच्या शटलला सोळा पिसं असतात. ती सारख्या जाडीची आणि सरळ काडीची हवीत. हंसाच्या पिसाची काडी बदकाच्या पिसापेक्षा चिवट असते. बूच अंगठ्यानं दाबा: अखंड किंवा दोन-तीन थरांचं बूच कणखर लागतं, स्पंजचं बूच दबतं आणि एका गेममध्ये चपटं होतं. शेवटी शटल बोटांत धरून भिरकी द्या. डगमगत फिरलं तर उडतानाही डगमगणार.

१५. पिसांची टोकं वाकवून वेगवान शटल मंद करतात. ते योग्य आहे का?

सरावात हरकत नाही. एक सोडून एक पिसाचं टोक बाहेर दुमडलं की घेर वाढतो आणि शटल आधी पडतं. एकदम सगळी दुमडू नका, प्रश्न १३ ची चाचणी घेत पुढे जा. सामन्यात मात्र शटलचा वेग किंवा उडणं बदलण्यासाठी मुद्दाम त्याला हात लावणं नियमाविरुद्ध आहे.

१६. खर्च वाचवायला नायलॉनचं शटल चालेल?

शिकण्यासाठी आणि सकाळच्या हलक्या खेळासाठी चालेल. त्याच्या बुचावरच्या पट्टीचा रंग वेग सांगतो: हिरवा मंद, निळा मध्यम, लाल वेगवान. आपल्या भागात बहुतेक वर्षभर हिरवाच घ्या. कारण प्रश्न १२ मधलंच. दुकानात निळा जास्त दिसतो म्हणून तो घेऊ नका. जोराच्या स्मॅशला नायलॉनचा घेर दबतो आणि शटल पिसांच्या शटलसारखं झपकन मंदावत नाही. त्यामुळे त्यावर बसवलेला अंदाज पिसांच्या शटलवर चुकतो. स्पर्धेला जायचं असेल तर आधीचे दोन आठवडे पिसांच्या शटलनंच खेळा.

१७. महाबळेश्वर किंवा पाचगणीला सामने आहेत. काय बदलू?

महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हवा समुद्रकाठापेक्षा तेराएक टक्के आणि साताऱ्यापेक्षाही सहाएक टक्के विरळ. थंडी असली तरी ७५ तिथे लांब जाऊ शकतं. अशा उंचीसाठी नियमातच सवलत आहे: हवामान किंवा उंचीमुळे नेहमीचं शटल गैरसोयीचं ठरत असेल, तर राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेनं शटलच्या मापांत बदल करता येतो. आयोजकांना आधीच विचारा की कोणत्या वेगाचं शटल ठेवणार आहेत, आणि त्याच वेगाचा एक डबा सोबत न्या.

रॅकेट तीच राहू द्या. गट मात्र एक-दोन पाउंड वाढवलेला बरा, कारण तिथे जोर आपोआप मिळतो आणि कमी पडते ती दिशा. गटिंग किमान तीन दिवस आधी करा, म्हणजे प्रश्न ९ मध्ये सांगितलेला सुरुवातीचा ताण साताऱ्यातच उतरेल. पोचल्यावर सरावाची पहिली दहा मिनिटं फक्त टॉस आणि सर्व्हिसला द्या. लांब सर्व्हिस तिथे सर्वांत आधी बाहेर जाते.